प्रतिसाद: घरमालकांना पूजेचं पत्र

> भाड्याच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण आणि छोटा होम करायचा आहे. मालकांना पत्रात काय लिहू?

पूजेला सहसा कुणी नाही म्हणत नाही. मालक बिचकतात ते होमाला. म्हणून विस्तव कसा सांभाळणार तेवढं नीट लिहा. आम्ही पहिल्या वेळी तांब्याचं कुंड थेट फरशीवर ठेवलं आणि टाइलला बारीक तडा गेला. डिपॉझिटमधून पैसे कापले गेले, रास्तच होतं. दुसऱ्या घरी हे पत्र दिलं:

"सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ९ ते १ या वेळेत घरी सत्यनारायण व छोटा होम करण्याचा विचार आहे. कुंडाखाली विटांचे दोन थर व वाळू असेल. होम हॉलच्या खिडकीपाशी, पडदे काढून अर्धा तास चालेल. पाहुणे पंधराच्या आत, गाड्या बाहेर लावतील. फरशीचे नुकसान झाल्यास भरून देऊ. आपली परवानगी असावी. आपण उभयतांनी तीर्थप्रसादाला जरूर यावे."

छताला धुराचा सेन्सर असेल तर सोसायटीच्या ऑफिसलाही आधी कळवा. मालक फोनवर "करा की" म्हणाले, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून घ्या.