मदत हवी आहे : गुणपत्रिका गहाळ झाल्याच्या अर्जात ठिकाण काय लिहावं?

सातारा ते स्वारगेट एसटी प्रवासात बहिणीची दहावीची मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र असलेली फाईल गहाळ झाली. आगारात विचारलं, मिळाली नाही. बोर्डाकडून दुय्यम प्रत काढण्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा आहे.

मसुद्यात आधी नुसतं ‘महत्त्वाची कागदपत्रे हरवली’ असं होतं. आता विभागीय मंडळ, परीक्षेचा महिना-वर्ष आणि बैठक क्रमांक घातलाय (झेरॉक्स आहे). चोरीचा संशय नाही, म्हणून तो शब्द टाळलाय. शेवट असा : ‘तरी सदर कागदपत्रे गहाळ झाल्याची नोंद घेऊन दाखला मिळावा, ही विनंती.’

फाईल साताऱ्यात बसताना हातात होती, नसल्याचं स्वारगेटला उतरल्यावर कळलं. मग ‘प्रवासादरम्यान’ एवढं चालेल का, आणि अर्ज साताऱ्यात द्यावा की पुण्यात?