एस्कलेशन मॅनेजरचा फोन: आधी काय लिहून ठेवलंत, नंतर काय लिहून घेतलंत?

अबोली, म्हापसा

ग्राहक सेवेच्या खालच्या पायऱ्या चढून झाल्या की एक दिवस निरोप येतो, 'आमचे एस्कलेशन मॅनेजर गुरुवारी चार ते पाचच्या दरम्यान तुमच्याशी बोलतील.' असा फोन सहसा पुन्हा मिळत नाही. त्याआधी तुम्ही कागदावर कोणते मुद्दे मांडले आणि फोनवर ठरलेलं लेखी कसं पक्कं केलंत, ते सविस्तर लिहा. कंपन्यांची नावं नकोत. मलाही वॉशिंग मशीनसाठी असा फोन यायचा आहे. शिवाय चवथ जवळ आली की घरोघरी फ्रीज-मिक्सर याच सुमारास रुसतात.

मांद्रेकर

आमचा अनुभव फ्रीजचा. दुसऱ्या वर्षी तो थंड करेना. तंत्रज्ञ आला, 'गॅस संपलाय' म्हणाला, भरला आणि पैसे घेऊन गेला. काही आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा गॅस, पुन्हा पैसे. नंतर दुसरा माणूस आला तो म्हणाला, 'दर्याचं खारं वारं, कॉइल गंजलीय, गंज वॉरंटीत बसत नाही.' पूर्ण फ्रीजची वॉरंटी एक वर्षाची होती. दहा वर्षांची होती ती फक्त कंप्रेसरची, आणि तो धडधाकट होता. म्हणजे वॉरंटीवर भांडायला गेलो असतो तर पहिल्या मिनिटाला हरलो असतो.

फोनच्या आदल्या रात्री सगळी जॉब शीटं टेबलावर मांडली. दोन्ही जुन्या शीटांवर एवढंच लिहिलेलं: 'गॅस चार्जिंग केले.' गळती कुठे होती, ती बंद केली का, याचा एक शब्द नाही. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, स्कूटरच्या पेट्रोलसारखा तो जळून संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरला तर तो जाणारच, आणि हे त्या तंत्रज्ञालाही माहीत असणार. तेव्हा माझी तक्रार वॉरंटीची राहिली नाही, त्यांनी पैसे घेऊन केलेल्या अर्धवट दुरुस्तीची झाली.

मग अर्ध्या पानावर एवढंच लिहिलं. वर तक्रार क्रमांक. खाली तीन भेटींच्या तारखा आणि प्रत्येक जॉब शीटवरचे शब्द जसेच्या तसे. मग मागणी: दोन्ही वेळचे गॅसचे पैसे परत, आणि नायट्रोजन भरून गळतीची चाचणी करून दुरुस्ती, मजुरी न घेता. त्याखाली 'हे चालेल': कॉइलचे पैसे मी देईन. आणि 'हे नको': वाढीव वॉरंटीवर सूट, पुढच्या खरेदीचं कूपन.

मॅनेजरने गंजापासूनच सुरुवात केली. मी म्हटलं, "गंजाचं बाजूला ठेवूया. पहिल्या भेटीत गळती कुठे सापडली, ते तुमच्या जॉब शीटवर दाखवा." त्याने शीटचे फोटो मागितले, मी बोलता बोलताच पाठवले. तिथून सूर बदलला. वाढीव वॉरंटीवर सूट आलीच, पण कागदावर 'नको' लिहिलेलं असल्यामुळे मोहात पडायला वेळ गेला नाही. दोन्ही वेळचे पैसे परत आणि मजुरी माफ, हे त्याने मान्य केलं. कॉइल माझ्या खर्चाने. एक अट त्याने घातली आणि ती रास्त होती: गळती भिंतीच्या आतल्या, फोममध्ये बसवलेल्या नळीत निघाली तर ती दुरुस्त होत नाही, मग घसारा वजा करून फ्रीज बदलून देण्याचा प्रस्ताव तो वर पाठवणार.

फोन ठेवण्याआधी मी सगळं वाचून दाखवलं आणि मेल कुठल्या पत्त्यावर पाठवू ते विचारलं. तासाभरात मेल पाठवला. मूळ मेल इंग्रजीत होता, मजकूर असा:

> विषय: तक्रार क्र. (…), आज दुपारी ४.१० च्या फोनवर ठरलेले मुद्दे
>
> आपण आज फोनवर पुढील गोष्टी मान्य केल्या:
> १. दोन्ही गॅस चार्जिंगची पूर्ण रक्कम (पावत्या जोडल्या आहेत) माझ्या बँक खात्यात २० ऑगस्टपर्यंत परत.
> २. १८ ऑगस्टपर्यंत नायट्रोजनने गळतीची चाचणी. गळतीची जागा जॉब शीटवर लिहिली जाईल.
> ३. दुरुस्तीची मजुरी व भेटीचे शुल्क नाही. कॉइलची किंमत मी देईन.
> ४. गळती फोमच्या आतील नळीत आढळल्यास फ्रीज बदलण्याचा प्रस्ताव आपण वरिष्ठांकडे पाठवाल आणि त्यांचा निर्णय २५ ऑगस्टपर्यंत कळवाल.
> यात काही चुकीचे असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे. वरील कामे होईपर्यंत तक्रार बंद करू नये.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'चर्चेप्रमाणे एका गॅस चार्जिंगची रक्कम परत केली जाईल.' दोन्हीची झाली होती एका! मी त्याच मेलच्या साखळीत उत्तर दिलं: 'मुद्दा १ मध्ये दोन्ही पावत्या आहेत, फोनवर आपण दोन्हीला होकार दिला होता, कृपया दुरुस्त करून पाठवा.' त्यांनी दुरुस्त केलं. माझा मेल आधी गेला नसता तर त्यांचाच मेल एकमेव नोंद ठरला असता. गळती मागच्या बाजूच्या उघड्या कॉइलला निघाली, त्यामुळे चौथ्या मुद्द्याची वेळ आली नाही.

माजी हेडसेट, पर्वरी

मी काही वर्षं पलीकडच्या बाजूला बसून हेच फोन केलेत, म्हणून मांद्रेकरांच्या लिहिण्यात थोडी भर घालतो.

मॅनेजरला स्वतःच्या सहीने काय देता येतं याला मर्यादा असते. मजुरी माफ, भेटीचं शुल्क माफ, कधी सुटा भाग फुकट, इथपर्यंत त्याचा हात पोचतो. वस्तू बदलणं किंवा पूर्ण पैसे परत देणं यांना सहसा वरची मंजुरी लागते. म्हणून फोनच्या मध्यावर सरळ विचारा, "यातलं काय तुम्ही आत्ता मंजूर करू शकता, आणि बाकीचं कोणाकडे, कधी जाणार?" याने माणूस दुखावत नाही. उलट समोरच्याला कळतं की तुम्हाला व्यवस्था माहीत आहे.

दुसरं, शब्द ऐका. 'बघतो', 'प्रयत्न करतो', 'रिक्वेस्ट टाकतो' हे कबूल करणं नव्हे. मेलमध्ये त्यांना 'मान्य केलं' असं लिहू नका, कारण एका मुद्द्यावर तुमची नोंद फुगवलेली दिसली की उरलेल्या खऱ्या मुद्द्यांवरही शंका घ्यायला जागा मिळते. मांद्रेकरांचा चौथा मुद्दा बघा: प्रस्ताव पाठवणार आणि निर्णय कळवणार, एवढंच त्यात आहे. फ्रीज बदलून देणार असं नाही. तो नेमका आहे म्हणूनच टिकाऊ आहे.

तिसरं म्हणजे ओटीपी. तंत्रज्ञ दारात उभं राहून काम झाल्याचा ओटीपी मागतो. तो दिलात की संगणकात तक्रार 'बंद' होते, आणि पुन्हा फोन केलात तर नव्या क्रमांकाने पहिल्या पायरीपासून सुरुवात. फ्रीज रात्रभर चालवून थंडावा बघितल्याशिवाय देऊ नका. तंत्रज्ञ कुरकुरेल, कारण त्याचे आकडे त्यावर मोजले जातात. त्याच्याशी गोडीने बोला, पण ओटीपी दुसऱ्या दिवशीच.

फोंडेकर

एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन रेकॉर्ड करून ठेवावा. मेल पाठवलाच आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तर ती कायद्याने संमतीच. विषय संपला.

माजी हेडसेट, पर्वरी

फोंडेकरबाब, अर्धं पटतं. रेकॉर्डिंग असलं तर चांगलंच, पण वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग कंपनीत कोणी ऐकत बसत नाही. चार ओळींचा मेल वाचतात. आणि गप्प राहणं म्हणजे होकार, असं सरसकट नाही. त्या मेलचा उपयोग वेगळा आहे. तुम्ही त्याच दिवशी लिहिलंत, त्यांना चूक दाखवायची संधी दिलीत, त्यांनी दाखवली नाही. पुढे प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलं तर याला वजन येतं. किती, ते आयोग ठरवेल.

फोंडेकर

आमच्या शेजाऱ्यांचं काम रेकॉर्डिंग ऐकवूनच झालं. मी माझ्या मतावर आहे.

दर्यावर्दी, वास्को

मी सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये आहे. क्लायंट चिडला की एस्कलेशन मॅनेजर फोनवर येतो आणि आमच्या टीमला मुद्दे तयार करावे लागतात. आम्ही घटनाक्रम, परिणाम, तात्पुरता उपाय आणि पुढच्या अपडेटची वेळ असं लिहितो. फोननंतर मिनिट्स पाठवतो, प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव. 'टीम बघेल' असं लिहिलं की कोणीच बघत नाही.

अबोली, म्हापसा

दर्यावर्दी, तुमचा फोन टेबलाच्या पलीकडून आहे, इथे आपण ग्राहकाच्या बाजूचं बोलतोय. पण एका कामापुढे एक नाव, हे मी उचलते.

बाणस्तारीची सुनंदामावशी

माझं बँकेचं होतं. एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र कापले गेले. भाच्याने रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक काढून दिलं. व्यवहार फसल्यापासून पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही खातेदाराने न मागता. मी कागदावर व्यवहाराची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख आणि मधले जास्तीचे दिवस लिहिले. फोनवरचा अधिकारी म्हणाला, "सद्भावना म्हणून थोडी रक्कम देऊ." मी म्हटलं, "बाबा, सद्भावना नको, परिपत्रकाप्रमाणे हिशोब द्या." मेलमध्येही तोच हिशोब लिहिला. पैसे आले. त्यांच्या उत्तरात 'पूर्ण व अंतिम तडजोड' असे शब्द होते, ते भाच्याने आधी रक्कम जुळवून बघितल्यावरच मान्य करू दिले.

मांद्रेकर

मावशींचा मुद्दा मोठा आहे. जिथे आकडा नियमानेच ठरलेला असतो, तिथे 'हे चालेल' ही ओळ कागदावर लिहूच नये. माझ्या फ्रीजला असा नियम नव्हता, म्हणून मला ती लागली.

अबोली, म्हापसा

आता माझं विचारते. घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, रीतसर नोंदणी आहे. मशीन घरातलंच, पण चादरी त्यातच धुतो. तंत्रज्ञाने जॉब शीटवर 'व्यावसायिक वापर' लिहून वॉरंटी नाकारली. फोनवर खोल्यांचा विषय मी स्वतः काढावा का?

माजी हेडसेट, पर्वरी

लपवू नका, शीटवर लिहिलेलंच आहे. पण आधी वॉरंटी कार्डाची अट शब्दशः वाचा. 'घरगुती वापराव्यतिरिक्त' आणि 'हॉटेल, लॉन्ड्री इत्यादी' यांत फरक पडतो. आणि पहिला प्रश्न बिघाडाचा ठेवा: बिघडलेला भाग जास्त वापराने बिघडला, हे तंत्रज्ञाने कशावरून ठरवलं? बेअरिंग झिजलं असेल तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे. सर्किट बोर्ड गेला असेल तर चादरींचा संबंध त्यांनी दाखवायला हवा.

फोंडेकर

२०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूतून वगळली आहे. अबोलीताई, तेच ठणकावून सांगा.

माजी हेडसेट, पर्वरी

ती तरतूद आयोगासमोर ग्राहक म्हणून उभं राहता येईल का, याची आहे. वॉरंटी कार्डाची अट त्याने आपोआप मोडत नाही. मॅनेजरपुढे मी ती शेवटी काढेन, तीही एका वाक्यात. ताई, बिल कोणाच्या नावावर आहे? त्यावर जीएसटी क्रमांक असेल तर तो प्रश्न येणारच, उत्तर आधी लिहून ठेवा.

अबोली, म्हापसा

बिल माझ्या नावावर, जीएसटी क्रमांक नाही. गेला आहे तो बोर्ड. वॉरंटी कार्ड आईकडे डिचोलीला आहे, फोटो मागवलाय. शब्द बघून पुढचं इथेच विचारते.