भाषण एक, सल्ले तीन: आता ऐकू कुणाचं?

सानिका_माण: बारावीत आहे. रविवारी जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा, विषय 'पाणी: काल, आज, उद्या', वेळ ७ मिनिटं. सर म्हणतात, आमचं बोअर कोरडं गेलं तो प्रसंग खुलव आणि १९७२ च्या दुष्काळाची माहिती वाढव. बाबा म्हणतात, बोअरचं काढूनच टाक. मैत्रीण म्हणते, ७२ सुरू झालं की झोप येते. कुणाचं ऐकू?

ओढ्याकाठचा: सरांचं. विषय संपला. बाबा आणि मैत्रीण मार्क देणार आहेत का?

खडूस_परीक्षक: वरचा 'विषय संपला' वाचून राहवलं नाही. बरीच वर्षं परीक्षकाच्या खुर्चीत बसतोय. सरांना गुणपत्रिका पाठ असते: मांडणी, भाषा, सादरीकरण, वेळ. त्यांचा शब्द तेवढ्यापुरता. बाबा भाषणाबद्दल बोलतच नाहीयेत, ते घरच्या अब्रूबद्दल बोलताहेत. घरातलं काय चव्हाट्यावर जावं हे ठरवायचा हक्क त्यांचा, सरांचा नाही. आणि तिघांत फक्त मैत्रीण श्रोता म्हणून बसली होती.

सानिका, तिघांनी सुचवलेले उपाय आधी बाजूला ठेव. कोण नेमकं कुठल्या ओळीला अडलं, ते विचार. मैत्रिणीच्या हातात पेन्सिल दे, घड्याळ लाव, सगळं म्हणून दाखव. लक्ष उडेल तिथे तिने फुली मारायची. 'झोप येते' हे तिचं खरं असणार, 'काढून टाक' हे चुकीचं असू शकतं. सरांना ७२ तोकडं वाटतं आणि तिला लांबलेलं, म्हणजे बहुतेक दोघांची तक्रार एकच आहे: त्या भागात माणूस नाही, नुसती माहिती आहे. घरात त्या वेळचं कुणी आहे का?

माय_लेकरू: इथे खरा प्रश्न वेगळाच आहे. हल्ली भाषणं मुलं लिहितात कुठे? माझ्या मुलाला बाईंनी चार पानं लिहून दिली, सुरुवातीला चारोळी, शेवटी चारोळी. एक ओळ विसरला आणि स्टेजवर रडला. सर काय, बाबा काय, लेकराला बोलू द्या!

ओढ्याकाठचा: ताई, ती स्वतःच लिहितेय. धागा वाचा की.

माय_लेकरू: वाचलाय! 'वाढव, खुलव' म्हणजे दुसऱ्याने लिहिणंच झालं की. मुलाने त्यानंतर माईक हातात धरलेला नाही.

निवृत्त_बाई: आम्ही लिहून देतो, कारण आदल्या रात्रीपर्यंत पोरं कोरा कागद घेऊन येतात आणि नंबर आला नाही की पालक आम्हालाच जाब विचारतात. सगळं खापर बाईंवर फोडायला बरं असतं!

माय_लेकरू: मग पाठवू नका स्पर्धेला. चारोळी तरी वगळायची होती.

निवृत्त_बाई: चारोळी वाईटच असते, एवढं मान्य. खूश?

सानिका_माण: फुल्या मारून झाल्या. दुसऱ्या पानावर ओळीने तीन. तिथे खरंच सगळं 'महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला' छापाचं होतं. आजीला विचारलं. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. सुकडी पदरात बांधून घरी आणायची, स्वतः खायची नाही. हे माझ्या भाषणात नव्हतंच. बाबांनाही विचारलं. बोअरचं त्यांना काही नाही, पण त्यासाठी पाहुण्यांकडून उसने घेतलेले पैसे अजून फिटले नाहीत, ते नको.

गावचा_पाव्हणा: सोप्पं आहे. 'आमच्या शेजारच्या काकांचं बोअर' म्हण. सरही खूश, बाबाही खूश.

खडूस_परीक्षक: अजिबात नको. उसना प्रसंग आम्हाला आवाजावरून कळतो. मुलगी सांगायची थांबते आणि अभिनय करायला लागते. शिवाय गावात शेजारचे काका कोण, हे काय लोकांना कळत नाही?

गावचा_पाव्हणा: तुम्हाला सगळंच आवाजावरून कळतं, तर निकालावर दरवर्षी भांडणं का होतात?

खडूस_परीक्षक: होतात, हे खरं. तरी सल्ला तोच. सानिका, बोअर ठेव, पैशाचं वाक्य काढ. गाडी आली, पोरं जमली, खालून नुसती धूळ येत राहिली, आणि थांब. व्याजाशिवायही ते पोचतं. मग शब्द मोज. स्टेजवर मिनिटाला शंभर-एकशेदहाच्या वर गेलीस की शब्द चावले जातात, म्हणजे सात मिनिटांना साडेसातशे खूप झाले.

सानिका_माण: सव्वानऊशे आहेत. सरांनी सांगितलेली धरणांची आकडेवारीच दीडशे शब्दांची. ती काढली तर सर चिडतील, त्यांनीच नाव पाठवलंय.

निवृत्त_बाई: चिडू देत, पण त्यांना ते स्पर्धेच्या हॉलमध्ये कळायला नको. उद्याच जा, त्यांच्यासमोर घड्याळ लावून जुनं भाषण म्हण. शेवटची घंटा वाजल्यावर काय उरतं ते त्यांचं त्यांना ऐकू येईल. एखादा आकडा मात्र ठेव, मान राहतो.

ओढ्याकाठचा: म्हणजे शेवटी सरांचंच!

खडूस_परीक्षक: एका आकड्यापुरतं. घ्या.