मदत हवी आहे: ऑफिसातला निरोप समारंभ, ४० माणसांचं जेवण, हातात ८ हजार

चौकटीतला_कारकून

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एका सरकारी ऑफिसात आहे. आमचे अधीक्षक या मे अखेर रिटायर होतायत. जन्मतारीख अर्थातच १ जून, शाळेत गुरुजींनी अख्ख्या पिढीला वाटली होती तीच. ३१ मेला रविवार येतोय, म्हणून कार्यक्रम शुक्रवारी २९ ला दुपारी ठरलाय, आणि जेवणाचं माझ्या गळ्यात पडलंय.

साहेब धरून आम्ही ४०. वर्गणी ३०० रुपये, शिपाई आणि कंत्राटी मुलांकडून १००. साडेदहा हजार जमतील. शाल, श्रीफळ आणि भेटवस्तूला अडीच हजार काढले की जेवणाला उरले आठ. जवळच्या हॉटेलात थाळी २८० ला आहे. एका केटररने २२० सांगितले, पण किमान ५० ताटांची अट घातली.

आता माणसं ऐका. दोघं जैन, त्यातले एक अगदी कडक. पाच-सहा जणांना साखर, त्यात स्वतः साहेब. नव्या भरतीची पोरं म्हणतात पनीर नसेल तर आम्ही डबा आणतो. आवक-जावक टेबलची चौकडी चिकनवर अडून बसलीय. एका मॅडमना तिखटाचा वासही सहन होत नाही. जेवण तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, लिफ्ट नाही. काय करू?

रगेल_गडी

एवढा काय विचार करताय? बिर्याणी. अर्धी चिकन, अर्धी व्हेज, बरोबर रायता आणि एक गोड. चार-साडेचार किलो तांदूळ, अडीच-तीन किलो चिकन, विषय संपला. पोळ्या नाहीत, आमटी नाही, वाट्या नाहीत. सहा हजारात होतंय बघा. जैनांना फळं द्या.

वाईचा_नाना

आमच्या मामांची पंचाहत्तरी आम्ही भिलारजवळ एका फार्महाऊसवर केली होती. संध्याकाळची हवा मस्त, पोरांना खेळायला जागा. बँकेतले त्यांचे जुने मित्र आले होते, गाण्याचा कार्यक्रम झाला. तुम्हीही तिकडंच न्या सगळ्यांना, ऑफिसात कसली मजा? जागा पाहिजे असेल तर विचारून सांगतो.

चौकटीतला_कारकून

नाना, जागा फुकटची आहे म्हणून तर ऑफिसात करतोय. दुपारी अडीचनंतर लोकांना परत टेबलावर बसायचंय.

ताटवाटी_कराड

दादा, आमचा बचत गट अशाच ऑर्डरी करतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ४० हा आकडा विसरा. साहेबांच्या घरचे येणार, मागच्या वर्षी रिटायर झालेले दोघं-तिघं येणार, शेजारच्या ऑफिसातले मोठे साहेब भाषणाला येणार आणि त्यांचा ड्रायव्हर खाली उपाशी बसणार नाही. रजेवरचे वजा केले तरी ४५ चा स्वयंपाक धरा. ताटावर मोजणाऱ्या केटररकडे हे वरचे पाच महागात पडतात. पातेल्यावर ऑर्डर घेणारा आचारी किंवा बचत गट शोधला तर तेच पाच जण जेमतेम किलोभर तांदूळ-डाळीत बसतात.

बिर्याणीबद्दल. एक पदार्थ केला की पैसे वाचतात, हे रगेलदादांचं बरोबर आहे. पण अर्धी-अर्धी केली की चिकनवाले आधी व्हेजची चव बघतात, आणि शाकाहारी माणूस ताट घेऊन येतो तेव्हा पातेल्याचा तळ दिसत असतो. मग व्हेज वाढवून करावी लागते आणि वाचलेले पैसे तिथंच जातात. आणि फळं देऊन जैन माणसाचं जेवण होत नाही, फक्त तो पुढच्या वेळी वर्गणी देताना काही बोलत नाही एवढंच.

माझा हिशोब असा असतो की ताटातले निम्मे पदार्थ मुळातच सगळ्यांना चालणारे करायचे आणि ज्याला जे वेगळं हवं ते बाजूला ठेवायचं. तोंडल्याचा मसालेभात, गोडा मसाला घालून. त्यात कांदा-लसूण लागतच नाही. चिंच-गुळाची आमटी, फोडणी हिंग-कढीपत्त्याची. तिसरं पनीर-ढोबळी, ग्रेव्ही टोमॅटो, काजू आणि मगजबीची. हे तिन्ही जैनांना चालतात आणि पोरांचं पनीरही झालं. तरी त्या कडक गृहस्थांना आधी स्वतः विचारा, कारण घरागणिक नियम बदलतात. वांगंही बरेच जण खात नाहीत, म्हणून मी ते घेतलंच नाही. बाकीच्यांसाठी बटाट्याची सुकी भाजी. ती पिवळी, बिनतिखटाची करा म्हणजे मॅडमचंही भागतं. तिखटवाल्यांना ठेचा, तोही कडेला.

माप सांगते. ४५ जणांना पोळीबरोबर भात असेल तर साडेतीन किलो तांदूळ बास, आणि तो कोलम घ्या, आंबेमोहोर मोठ्या पातेल्यात गोळा होतो. पनीर अडीच किलो, बटाटे पाच, तूरडाळ सव्वा किलो. पोळ्या १४० आणि साखरवाल्यांसाठी ज्वारीच्या १५ भाकरी. जिलबी चार किलो, मट्ठ्याला दही चार किलो. आमच्याकडे हे सगळं, पत्रावळ्या, पाण्याचे तीन जार, मजुरी आणि टेम्पो धरून आठ हजार एकशेच्या घरात जातं. शंभर-दीडशे कमी करायचे असतील तर पनीर दोन किलो करा, पण मग वाढायला माणूस उभा पाहिजे. पहिले दहा जण नुसतं पनीर वेचून नेतात.

पाटणची_पोर

एक मुद्दा कुणी काढला नाही. १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात आमच्या घरी मटण-चिकन शिजत नाही, तुमच्या चौकडीतल्याही एक-दोघांच्या घरी तसंच असणार. विचारून बघा, चिकनचा प्रश्न आपोआप मिटेल. आणि अधिकात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणजे केटरर मोकळे बसलेले असतील. ती ५० ताटांची अट घासाघीस करून सहज सुटेल.

रगेल_गडी

अधिक-बिधिक आमच्या ऑफिसात कोण पाळत नाही. साहेबांना काय आवडतं ते विचारलं का कुणी? त्यांचा निरोप आहे, जैनांचा नाही.

ताटवाटी_कराड

पाटणची ताई, मुहूर्तांचं खरं आहे, पण केटरर मोकळे असतातच असं नाही. अधिकात जावयांची जेवणं निघतात, आणि १ जूनवाले सगळ्या ऑफिसांतून एकदमच रिटायर होतात. यंदा ३१ ला रविवार म्हटल्यावर सगळ्यांचे कार्यक्रम शुक्रवारीच येणार. पंधरा दिवस आधी विसार द्या.

चौकटीतला_कारकून

ताई, तुमचा मेनू छापून टेबलावर लावावासा वाटतोय. साहेबांना विचारलं, ते म्हणाले "काहीही करा, पण पुरी-आमरस असला तर बघा." साखरेचा माणूस! आता पोळीऐवजी पुरी आणि जिलबीऐवजी आमरस केला तर बजेट कुठं जाईल? आणि कार्यक्रम आधी की जेवण आधी यावर दोन गट पडलेत.

ताटवाटी_कराड

आमरस म्हणजे माणशी दोन छोट्या वाट्या धरल्या तरी आठ-नऊ लिटर. आंब्याचा साल-कोय जाऊन निम्माच रस निघतो, म्हणजे सोळा-सतरा किलो आंबा. मे अखेरीला हापूस संपत आलेला असतो, पायरी किंवा केशर घ्यावा लागेल. तरी जिलबीच्या दुप्पट-तिप्पट खर्च. शिवाय रस बर्फात ठेवावा लागतो. उन्हात दोन तास राहिला की वर फेस धरतो आणि वास बदलतो, मग तो कुणी खाऊ नये. साहेबांच्या ताटापुरती एक वाटी घरून करून आणा, तेवढंच त्यांच्या साखरेलाही बरं.

पुरीचं तर नावच नको. ऑफिसात शेगडी पेटवू देणार नाहीत, म्हणजे तळून आणायच्या. साडेअकराला तळलेली पुरी दीड वाजता वातड होते. पिठात रवा घातला, पीठ घट्ट भिजवलं तरी थोडाच फरक पडतो. पोळी फडक्यात गुंडाळून डब्यात मऊ राहते.

आता कार्यक्रम आधी की नंतर. भाषणं ठरल्या वेळेत संपलेली मी तरी पाहिली नाहीत. जेवण सव्वाला आलं आणि साहेबांच्या हाताखाली तयार झालेले सगळे बोलायला उठले, तर झाकलेला मसालेभात मे महिन्यात तीन वाजेपर्यंत बसतो. वरचं ओलं खोबरं आधी आंबतं. झाकण उघडलं की आंबूस वास येतो आणि शितं बोटाला चिकटतात. म्हणून खोबरं-कोथिंबीर वेगळ्या डब्यात मागवा आणि वाढताना घाला. कोशिंबिरीत दही-मीठही तेव्हाच. जिलबीचा खोका बंद करू नका, वाफेने मऊ पडते. आणि शक्य असेल तर जेवण आधी.

अंतू_बर्वा_नव्हे

जेवण आधी केलं तर भाषणाला कोण थांबेल? आमच्याकडे एकदा तसं केलं आणि सत्काराला समोर आठ जण होते. साहेबांच्या मिसेस आल्या होत्या, फार वाईट दिसलं. त्यापेक्षा बाराला कार्यक्रम सुरू करा, तीनच वक्ते ठेवा आणि टेम्पोला एकची वेळ द्या.

दुसरं, गोडाला साताऱ्यात राहून जिलबी कशाला? कंदी पेढे द्या. उन्हात खराब होत नाहीत, प्रत्येकी दोन मोजून देता येतात, साखरवाला घरी नेतो.

पाटणची_पोर

पेढा ताटात गोड म्हणून? मट्ठा आहे तर जिलबीच हवी.

आणि दादा, एक विनंती. शंभर रुपये देणाऱ्या शिपायांनी आणि कंत्राटी मुलांनीच सगळी पातेली तीन मजले चढवायची, वाढायचं आणि शेवटी उरलेलं खायचं, असं होऊ देऊ नका. आमच्याकडे दरवेळी तेच होतं. वाढायला आवक-जावकची चौकडी लावा.

चौकटीतला_कारकून

चौकडीला विचारलं. एकाच्या घरी खरंच अधिक पाळतात, दुसरा म्हणाला बायको पाळते. उरलेले दोघं अजून रुसलेत. त्यांना वाढपी केलं तर पनीरचं काय होईल सांगता येत नाही.

मेनू ताईंचा पक्का. केटररला सोडतोय, गोडोलीतल्या एका बचत गटाशी उद्या बोलतो, विसार पाचशे देतोय. तीन वक्ते मान्य झालेत, पण चौथे म्हणून मोठे साहेब स्वतः उठले तर त्यांना कोण थांबवणार? जिलबी की पेढा यावर ऑफिसात हात वर करून मतं घेतली, १९-१९ झाली. दोघं साखरवाले तटस्थ.

रगेल_गडी

साहेबांना विचारा की.

चौकटीतला_कारकून

विचारलं. म्हणाले, "दोन्ही."