अरेथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’

>> मैफलीचं चित्रण बघून गायकाबद्दल नवीन काही कळेल, असा एखादा चित्रपट सुचवा ना.

अमेरिकी गायिका अरेथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’ जरूर बघा. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं एक चर्च, सलग दोन रात्री गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगायन. अल्बम त्याच वर्षी आला, चित्रपटाला मात्र २०१८ उजाडलं.

कारण ऐकण्यासारखं आहे. तेव्हा चित्र फिल्मवर आणि आवाज वेगळ्या टेपवर घेत. शॉटच्या सुरुवातीला क्लॅपची फळी वाजवली की ती मिटल्याची फ्रेम आणि टेपवरचा ‘टक्’ जुळवून दोन्ही एकत्र बांधता येतं. दिग्दर्शक सिडनी पोलॅकच्या चमूने क्लॅपच दिले नाहीत. कॅमेरे बरेच, प्रत्येक मध्येच चालू-बंद होणारा, त्यामुळे कोणता तुकडा कुठल्या ओळीचा हेच कळेना. पुढे संगणकाच्या मदतीने ते जुळलं, पण अरेथाने हयातीत प्रदर्शन अडवून धरलं होतं.

अल्बममध्ये न मिळणारं इथे दिसतं. अरेथा दोन गाण्यांमध्ये जवळजवळ बोलतच नाही. सूत्रं गॉस्पेल गायक आणि पियानोवादक जेम्स क्लीव्हलँडच्या हातात. शीर्षकगीत चालू असताना तोच पियानो सोडून बसतो आणि चेहरा झाकून रडतो. दुसऱ्या रात्री ती पियानोवर गात असताना तिचे धर्मोपदेशक वडील उठून तिच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. ती गाणं थांबवत नाही. तिचं गाणं कुठल्या घरातून आलं, हे मला तिथे सगळ्यात जास्त कळलं.

मुलाखती किंवा निवेदन अजिबात नाही, त्यामुळे तिचं चरित्र हवं असेल तर ते वेगळं वाचावं लागेल.