प्रतिसाद: पंचोपचार आणि दोन दिवे

«पूजेचे सोळा उपचार एका तासिकेत बसत नाहीत, आणि दिवा आधीच लावलेला असताना तो पुन्हा का दाखवायचा, असे मुले विचारतात.»

सातवीसाठी पंचोपचार पूजा पुरेशी आहे: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, याच क्रमाने. मानसपूजेच्या परंपरेत हे पाच उपचार अनुक्रमे पृथ्वी, आकाश, वायू, अग्नी आणि अमृत यांच्या रूपाने अर्पण करतात. अमृत येथे जलतत्त्वाच्या जागी येते, म्हणून नैवेद्य आणि पाणी यांचा संबंध मुलांना आवर्जून दाखवावा. आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यातील खेड्यात, देवापुढे पाण्याने चौकोन काढून त्यावर गूळखोबऱ्याची वाटी ठेवतात, तुळशीच्या पानाने भोवती पाणी फिरवतात आणि मग ‘प्राणाय स्वाहा’पासून पाच प्राणांची नावे घेतात.

दिव्याचा प्रश्न योग्यच आहे. सुरुवातीची समई पूजेची साक्षी मानली जाते व ती पूजा संपेपर्यंत तेवत राहते. धुपानंतर ओवाळायचे निरांजन हा स्वतंत्र उपचार असतो. प्रात्यक्षिकात समई आणि निरांजन वेगवेगळे ठेवावे. एकच दिवा ठेवला, तर मुले दीप हा उपचार झालाच आहे असे समजून धुपावरून थेट नैवेद्याकडे जातात.