कुरिअरने वजन वाढवून लावलं, तर भांडायचं की भरून मोकळं व्हायचं?

मृणाल: मी हाताने केलेल्या कागदी लॅम्पशेड विकते. पार्सल घरच्या काट्यावर ६२० ग्रॅम भरलं, म्हणून एक किलोच्या स्लॅबमध्ये बुक केलं. नंतर वॉलेटमधून जादा पैसे कापले गेले. कारण 'वजनात तफावत', लावलेलं वजन २ किलो. काट्याचा फोटो जोडून तक्रार केली तर ती फेटाळली. दरवेळी असं भांडत बसायचं का? की हे पैसे गेले असंच समजायचं?

रोहन: सरळ लूट आहे. ६२० ग्रॅमचे दोन किलो कसे होतात? छोटा विक्रेता बोलत नाही हे त्यांना ठाऊक असतं. तुम्ही प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, लेबल दिसेल असा व्हिडिओ काढा. व्हिडिओ असला की तक्रार हरूच शकत नाही.

विद्याधर: रोहन, पुरावा हवाच, पण या प्रकरणात काट्याचा कितीही चांगला व्हिडिओ उपयोगी पडणार नाही. हे बिल काट्याच्या वजनावर लागलेलंच नसावं. हलकं आणि जागा खाणारं पार्सल असेल तर आकारमानाचं वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. काही कंपन्या ४००० ने भागतात, काही ६००० ने, ते करारात बघावं लागतं. काट्याचं आणि हे, दोन्हींत जे जास्त त्यावर बिल. म्हणजे वाद मापाचा होता आणि पुरावा वजनाचा दिला गेला. मृणालताई, तफावतीच्या नोंदीत त्यांनी तिन्ही मापं दिली असतील. ती आणि तुमच्या बॉक्सची मापं इथे लिहा.

मृणाल: माझा बॉक्स ३० × २० × १०. त्यांनी लिहिलंय ३० × २१ × १४.

सुहास: ताई, आधी काटा तपासून घ्या. घरगुती काटे शंभर-शंभर ग्रॅमने चुकतात.

विद्याधर: सुहास, शंभर ग्रॅमने इथे काही बदलत नाही. तुमच्याच मापाने हिशेब करू. ३० × २० × १० म्हणजे ६०००, भागिले ५०००, म्हणजे १.२ किलो. अर्ध्या अर्ध्या किलोचे स्लॅब असतील तर बिल दीड किलोचं व्हायला हवं. त्यांच्या मापाने ८८२०, म्हणजे १.७६, म्हणून २ किलो. तेव्हा एक ते दीड ही वाढ रास्त आहे. दीड ते दोन ही वादाची. तक्रारीत तेवढंच मागा: "लांबी मान्य, उंची १० सेंमी आहे, फोटो जोडले आहेत, दीड किलोच्या स्लॅबने बिल करावं." सगळेच पैसे परत मागितले की तपासणारा त्यातला चुकीचा भाग बघतो आणि अख्खी तक्रार बंद करतो.

रोहन: हे पटत नाही. अर्धं स्वतःहून सोडून दिलं तर ते पुढच्या वेळी आणखी ताणतील. पूर्ण मागा, मग तडजोडीत अर्धं मिळेल.

विद्याधर: समोर घासाघीस करणारा दुकानदार नसतो. आलेला फोटो आणि नोंदलेलं माप जुळतं का, एवढंच बघून हो किंवा नाही म्हणायचं, असंच काम चालतं. पूर्ण मागण्याला आधार नाही, कारण तुमचाच बॉक्स १.२ किलोचा आहे.

गणेश: मी हबमध्ये काम केलंय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पार्सल पट्ट्यावरून जातं आणि वरचा स्कॅनर माप घेतो. तो सगळ्यात उंच टोक धरतो. झाकण मधे फुगलेलं असलं, टेपचं टोक उभं राहिलं, तरी ती उंचीच. तिथे कुणी माणूस बसून आकडा वाढवत नाही. आणि खरं सांगायचं तर मुद्दाम कमी वजन टाकून बुक करणारे विक्रेतेही रोज दिसायचे. फेरमोजणी नसती तर त्यांचा बोजा प्रामाणिक विक्रेत्यांच्या दरावर पडला असता.

रोहन: मग माप चुकून कमी आलं तर उरलेले पैसे परत येतात का? माझ्याकडे तरी कधी आले नाहीत. प्रामाणिकपणा दोन्हीकडून हवा.

गणेश: हा प्रश्न बरोबर आहे. कमी आलं तर तफावत निघालेली मी पाहिली नाही. मशीनच्या चुकाही होतात. दोन पार्सलं चिकटून गेली की दोन्हींचं मिळून एकच माप येतं. ते ओळखू येतं: दोन मापं जुळतात आणि तिसरं जवळपास दुप्पट होतं. मृणालताईंचं तसं दिसत नाही. १० चे १४ म्हणजे फुगवटा वाटतो.

शबाना: माझा अनुभव कपड्यांचा. तीनशे ग्रॅमचा कुर्ता मी मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत पाठवायचे. पिशवीची रिकामी कडाही मापात धरली जायची. ४० × ३० × ५, म्हणजे १.२ किलो! भांडून काही मिळालं नाही, कारण फोटोत पिशवी खरंच तेवढी पसरलेली होती. आता कडा दुमडून टेपने घट्ट चिकटवते. तेव्हापासून तफावत क्वचितच येते.

मृणाल: त्यांचा फोटो आता मोठा करून पाहिला. लेबल माझंच आहे. झाकण मधे वर आलंय हे खरं, पण एक कोपरा पूर्ण चेपलाय आणि त्या बाजूची टेप सुटलीय. मी पाठवताना बॉक्स सपाट होता, माझ्याकडे फोटो आहे.

विद्याधर: मग तक्रारीचा खरा मुद्दा तोच. चेपलेला कोपरा म्हणजे वर ओझं आलं होतं, आणि त्यामुळेच झाकण उचललं गेलं असणार. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाठवा. तुमच्या फोटोत लेबल आणि उंचीवर लावलेली मापपट्टी एकत्र दिसतेय ना? पट्टीचा शून्य बॉक्सच्या तळाशी हवा, नाहीतर तो फोटो बाद धरतात. याच बॉक्समधून गेलेली आधीची पार्सलं दीड किलोनेच लागली असतील तर त्यांचे क्रमांकही द्या. आणि तक्रारीची मुदत बघा. ती थोड्या दिवसांची असते, उलटून गेली की बिल मान्य धरतात.

गणेश: चेपलेला बॉक्स म्हणजे पॅकिंग कमकुवत होतं, असं उत्तर येऊ शकतं. पहिल्याच हबमध्ये माप झालं असेल तर ओझं कुठे पडलं हे दाखवणं अवघड आहे.

रोहन: पार्सल त्यांच्या गाडीत होतं, तर ते त्यांनीच दाखवावं. विक्रेत्याने का?

मृणाल: मापपट्टी आहे, पण लेबल वरच्या बाजूला असल्याने त्या फोटोत येत नाही. दोन्ही दिसतील असा फोटो माझ्याकडे नाही. आहे त्यावर दीड किलोची मागणी टाकतेय.

शबाना: टाका. आणि याच बॉक्सचं माप उत्पादनावर कायमचं नोंदवून घ्यायची सोय तुमच्याकडे असेल तर तीही करा, पुढच्या ऑर्डरला तेच माप धरतात. फक्त एका ऑर्डरमध्ये दोन नग गेले की ती नोंद लागू होत नाही, माझ्याकडे तिथेच अडलं होतं.

विद्याधर: पुढच्या वेळी लेबल लांबीच्या बाजूवर चिकटवा. मग पट्टी उभी लावली की उंची आणि लेबल एकाच फोटोत येतात.